कटमध्ये मसल जातोय की नुसता दम कमी पडतोय?

"ताई, वय ३१, जिम करतोय ३ वर्षं. कट चालू करून ६ आठवडे झाले, ८३ किलोवरून ७८ वर आलोय. आधी बेंचला ८० किलोचे ८ रेप्स मारायचो, परवा ६ च निघाले. दंड टेपने मोजला तर १ सेंमी कमी. पुलअप्स मात्र ६ चे ८ झालेत. ट्रेनर म्हणतो कटिंगला वजन हलकं घे आणि १५-२० रेप्स मार, पार्टनर म्हणतो मसल वितळतोय तुझा. वही कधी ठेवली नाही, सगळं डोक्यात असतं. कट थांबवू का?"
– पिंपरीहून एक वाचक

अरे, थांबवू नकोस. पण खरं सांगू, तुझा मसल गेला की राहिला हे आज मी सांगू शकत नाही आणि तुझा पार्टनर तर अजिबातच सांगू शकत नाही, कारण "आधी ८ मारायचो" हे तुझ्या डोक्यात आहे, कागदावर नाही. डोकं नेहमी चांगला दिवसच लक्षात ठेवतं. आणि एक विचारू? त्या ८ मधले शेवटचे २ सपोर्टचे होते का? पार्टनर मागे उभा राहून "तुझाच आहे, तुझाच आहे" म्हणत दोन बोटांनी रॉड उचलतो ते? दोन बोटं म्हणजे पाच-सात किलो सहज असतात रे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांचा "आधीचा" आकडा असा सपोर्टवाला असतो आणि मग कटमध्ये एखाद्या दिवशी पार्टनर आला नाही की ह्यांचा मसल एका रात्रीत गेलेला असतो.

तरी तू दिलेल्या आकड्यांचाच हिशोब करून बघू, कारण त्यातच गंमत आहे. वेगवेगळ्या रेप्सची तुलना करायला एक साधा फॉर्म्युला आहे, एप्लेचा म्हणतात: वजन × (१ + रेप्स ÷ ३०). त्यातून अंदाज येतो की एकच रेप मारायचा झाला तर किती उचलशील. १० रेप्सच्या आतच वापर, त्याच्या वर तो भरकटतो. तुझे ८० चे ८ म्हणजे साधारण १०१ किलो. ८० चे ६ म्हणजे ९६. घट साधारण ५ टक्के. आता पुलअप्स घे, तिथे वजन म्हणजे तू स्वतः. ८३ किलोचा असताना ६ म्हणजे ९९.६, आता ७८ किलोचा असून ८ म्हणजे ९८.८. म्हणजे एक टक्कासुद्धा कमी नाही, जवळपास तेवढंच.

इथे लगेच एक फसवी गोष्ट सांगून ठेवते. तुला वाटलं पुलअप्स "वाढले". वाढले नाहीत, तू हलका झालास. समज ८ ऐवजी ७ च निघाले असते, तरी तू खूशच झाला असतास की ६ चे ७ झाले म्हणून, पण हिशोब येतो ९६.२, म्हणजे ताकद साडेतीन टक्के खाली. रेप्स वर आणि ताकद खाली, दोन्ही एकाच वेळी. म्हणून पुलअप, डिप्स, जोर असल्या अंगाच्या वजनावरच्या व्यायामांत रेप्सच्या शेजारी त्या दिवशीचं वजन लिहिल्याशिवाय ती नोंद कामाचीच नाही.

तर मग पाठ जागेवर आणि छाती पाच टक्के खाली, असं का? एक कारण तर बेंचच्या स्वभावातच आहे. छातीवरची आणि पाठीवरची चरबी उतरली की अंगाची जाडी कमी होते आणि रॉडला छातीपर्यंत जास्त खाली यावं लागतं, म्हणजे तेच ८० किलो आता थोडं जास्त अंतर ढकलतोयस. कटमध्ये बेंच सगळ्यात आधी रडतो आणि सगळ्यात जास्त रडतो, हे जुन्या लोकांना माहितीये. स्क्वॉटमध्येही पोट कमी झालं की खाली बसल्यावर मिळणारा टेका जातो. म्हणून एकट्या बेंचवरून मसलचा निकाल लावायचा नाही. रोइंग, ओव्हरहेड प्रेस, पायांचं एखादं मशीन, असे तीन-चार व्यायाम बाजूला ठेवायचे आणि संपूर्ण कटभर तेच ठेवायचे. मधेच "चल यूट्यूबवर नवीन बघितलं" म्हणून बदलले की मागचं सगळं लिहिलेलं पाण्यात. शिवाय नवीन व्यायामात पहिले काही आठवडे ताकद नुसत्या सवयीने वाढते, मसल तेवढाच असला किंवा थोडा गेला तरी वाढते, म्हणजे नेमकं जे बघायचंय तेच झाकलं जातं. जिम चालू करून चार महिने झालेल्या पोराची वही म्हणूनच ह्या कामाला फारशी उपयोगी नाही. तुला ३ वर्षं झालीत, तुझी चालेल.

आता ट्रेनरचं. हलकं वजन आणि १५-२० रेप्स म्हणजे "कटिंग"चा व्यायाम, हे आपल्याकडे इतकं मुरलंय की काय सांगू. चरबी जाते ती जेवण कमी केल्याने, रेप्सने नाही कोरली जात. मसलला टिकून राहायला कारण लागतं आणि ते कारण म्हणजे जड वजन, तेच काढून घेतलंस तर शरीराने तो का सांभाळावा? वजन तेच ठेव, सेट कमी कर. छातीला आठवड्याला १५ सेट मारत असशील तर ९-१० वर ये, कारण कमी खाल्ल्यावर रिकव्हरी तेवढी होत नाही, पण रॉडवरच्या प्लेटा काढू नकोस. आणि दुसरं नुकसान असं की ८० चे ८ वरून एकदम ५० चे १८ वर गेलास तर तुलनाच संपली, वर म्हटलं तसं तो फॉर्म्युला तिथे चालत नाही आणि मग तुला दोन महिने कळणारच नाही की खरंच काय चाललंय.

वहीत काय लिहायचं ते सांगते. अ‍ॅप वापर, दोनशे पानी वही वापर, मला काही फरक पडत नाही, मी स्वतः वहीच वापरते कारण मोबाईल काढला की इन्स्टा उघडतं. माझ्याकडे येणारे एक शिक्षक आहेत, ३८ वय, त्यांच्या वहीतली एक ओळ जशीच्या तशी देते, त्यांना विचारून देतेय:

"सोम १३ जाने २०२५, संध्या. ७. सकाळचं वजन ८०.९. झोप ५. बेंच ७०×६ शि०, ६०×७ शि०, ६०×५. रेस्ट ३ मि. सपोर्ट नाही. दुपारी डबा अर्धाच खाल्ला."

"शि" म्हणजे शिल्लक, अजून किती रेप्स निघाले असते ते. शि२ म्हणजे अजून दोन निघाले असते, शि० म्हणजे शेवटच्या रेपला रॉड मधेच रेंगाळला आणि पुढचा नसताच निघाला. हा आकडा लिहायला लोक कंटाळतात पण वहीचा जीव ह्यात आहे, कारण ७० चे ७ रेप्स शि२ आणि ७० चे ७ रेप्स शि० ह्या दोन वेगळ्या ताकदी आहेत, नुसतं "७०×७" लिहिलं की सारख्याच दिसतात. कटमध्ये बऱ्याचदा असं होतं की माणूस तीन आठवडे ७०×७ च लिहितो आणि समजतो टिकलंय, आणि आतमध्ये शि२ चं शि१, शि१ चं शि० होत आलेलं असतं. चौथ्या आठवड्यात मग एकदम पडल्यासारखं वाटतं. पडलेलं एकदम नसतं.

आणि रेस्ट. घड्याळ लावून घे रे बाबा. जिममध्ये गर्दी आहे, बेंचवर मागे दोन जण उभे आहेत, म्हणून तू ३ मिनिटांऐवजी दीड मिनिटात पुढचा सेट मारलास तर दोन रेप्स तिथेच गेले, मसल बिसल काही नाही गेला. तसंच रॉड. गल्लीतल्या जिममध्ये चार रॉड असतात आणि चारही वेगळे, एक २० चा, एक १५ चा, एक कुठून तरी वेल्डिंग करून आणलेला. केबल मशीन तर प्रत्येक जिमचं वेगळं, इकडचे ५० तिकडच्या ३५ सारखे लागतात, पुलीवर असतं ते. गावी गेलास, दुसऱ्या जिममध्ये मारलंस तर लिही पण समोर "परगाव" असं लिही आणि तुलनेत धरू नकोस.

आता सरांच्या वहीचं पुढचं ऐक, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. सरांनी नोव्हेंबरमध्ये ८८ वरून कट चालू केला होता. तेव्हा बेंच होता ७०×७, मग हलके दोन सेट ६०×१० आणि ६०×९. आठ आठवड्यांनी १३ जानेवारीची ती वरची ओळ. ते घाबरले, मला रात्री फोटो पाठवला, "मॅडम १० चे ५-७ झाले, गेलं सगळं." आता नीट बघ. पहिला जड सेट ७ चा ६ झाला, हिशोबाने ८६ चे ८४, म्हणजे जेमतेम पावणेतीन टक्के. दोन-तीन टक्के तर झोप, ऊन, डोक्यातलं टेन्शन ह्यांच्यावरच रोज इकडचे तिकडे होतात. खरी पडझड आहे ती मागच्या हलक्या सेटमध्ये. हा पॅटर्न दिसला की मी फारशी घाबरत नाही. जड, कमी रेप्सचा पहिला सेट तुझ्याकडे असलेल्या मसलवर आणि नर्व्हज्वर चालतो, तर पुढचे जास्त रेप्सचे सेट बरेचसे ग्लायकोजेनवर, म्हणजे मसलमध्ये साठवलेल्या कार्ब्जवर. भात-पोळी कमी केली की ही टाकी अर्धी रिकामीच राहते. पहिला सेट टिकलाय आणि मागचे पडलेत म्हणजे पेट्रोल कमी आहे, इंजिन शाबूत आहे.

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. सरांना सुट्टी, आठ तास झोप, घरी गुळपोळ्या, किती खाल्ल्या ते वहीत लिहिलंय पण मी इथे सांगत नाही, त्यांच्या मिसेस वाचतात हे सदर. बुधवारी पण उरलेल्या चालूच. गुरुवारी १६ तारखेला: वजन ८२.१, बेंच ७०×७ शि१, ६०×१०, ६०×८. तीन दिवसांत मसल परत येतो का? नाही येत, कुणाचाच नाही येत. म्हणजे तो गेलाच नव्हता. आणि वजन १.२ किलो वाढलं त्याला पण सर घाबरले, पण ग्लायकोजेन साठतं तेव्हा स्वतःच्या साधारण तिप्पट पाणी घेऊन साठतं, त्यात पोटात पडलेलं अन्न, ते पुढच्या आठवड्यात उतरलं. आता ह्यात झोपेचा वाटा किती आणि गुळाचा किती हे वेगळं नाही करता येणार, पण आपल्याला तेवढी गरजही नाही, दोन्हीपैकी काहीही असलं तरी ते मसल नव्हतं.

ह्याच पाण्याने तुझ्या दंडाचंही उत्तर मिळतं. टेप दंडाभोवती फिरतो, त्यात मसल आहे, वरची चरबी आहे आणि टाकी रिकामी असेल तर चपटा पडलेला मसल आहे. ५ किलो उतरल्यावर दंड १ सेंमी कमी भरला नसता तरच मला नवल वाटलं असतं. दंडाऐवजी कंबर मोज, बेंबीच्या रेषेत, सकाळी काही खायच्या आधी, श्वास सोडून, आठवड्यातून एकदा. कंबर उतरतेय आणि जड सेट जागेवर आहेत, ही जोडी दिसली की जे चाललंय ते चरबीचंच चाललंय असं धरून चालायला हरकत नाही. आणि ते जिममधलं बॉडी फॅट दाखवणारं मशीन, ज्यावर उभं राहिलं की "मसल मास" ची चिठ्ठी येते, ते अंगातल्या पाण्यावरून अंदाज बांधतं, एक लिटर पाणी पिऊन चढलास तर वेगळा आकडा येतो. त्याच्यावरून रडू नकोस आणि नाचू पण नकोस.

आता खरंच मसल जात असेल तर वहीत कसं दिसतं ते, आणि हे मी माझ्याच वहीतून सांगते, लाज वाटते पण सांगते. बहिणीच्या लग्नाच्या आधी मला घाई होती, मी ११०० कॅलरीवर गेले, प्रोटीनचा पत्ता नाही, पायांचा दिवस पहिले तीन आठवडे बुडवला आणि त्याऐवजी रोज ट्रेडमिल. स्क्वॉट होता ५५×५, म्हणजे ६४ किलोचा हिशोब. परत आले तेव्हा ५५ चे २ निघाले. ठीक आहे म्हटलं, सवय गेली असेल. पुढच्या आठवड्यात पण तेच, आणि नुसता स्क्वॉटच नाही, रोइंग खाली, ओव्हरहेड प्रेस खाली. लग्न झालं, जेवणावळी झाल्या, आठवडाभर पोटभर खाल्लं, रोज आठ तास झोपले, आणि मग मारलं तर ५२.५ चे ३, म्हणजे ५८ च्याही आत. दहा टक्के गेले ते गेलेच, ५५×५ परत यायला दोन महिने लागले. सरांची ताकद पोळीने तीन दिवसांत आली आणि माझी नाही आली, फरक हा आहे.

म्हणून मी माणसाला घाबरायला कधी सांगते? जड सेट, हलका नाही. एक व्यायाम नाही, तीन तरी. एक दिवस नाही, सलग दोन आठवडे. पाच टक्क्यांहून जास्त. झोप-रेस्ट नेहमीसारखी असताना. आणि चार-पाच दिवस पोटभर खाऊन पण परत न आलेलं. एवढं सगळं जुळलं तर मग कट हळू करायचा, रोज दोनशे-तीनशे कॅलरी वर घ्यायच्या, कार्डिओचा अतिरेक असेल तर तो कापायचा आणि प्रोटीन मोजायचं. ते तसंही मोज, तुला ७८ किलोला निदान १२५ ग्रॅम पाहिजे, आणि वरण-भात-पोळी-भाजीत ते होत नाही, अंडी, चिकन, पनीर, सोयाबीन, व्हे, जे काय चालतं ते.

तुझं सध्या ह्यातलं एकच जुळतंय, बेंच, ते पण आठवणीतलं. आणि ६ आठवड्यांत ५ किलो म्हणजे आठवड्याला एक टक्का, पहिल्या आठवड्यातलं पाणी धरलं तरी वेग जरा जास्तच आहे तुझा. तर असं कर. ह्या गुरुवारपासून चार दिवस कट बंद, वजन जागेवर राहील एवढं खा, त्यातही भात-पोळी वाढव, तूप-तेल नको. झोप भरून काढ. सोमवारी बेंच, ८०, नीट वॉर्मअप करून, ३ मिनिटं रेस्ट, पार्टनर मागे उभा राहू दे पण हात रॉडला तेव्हाच लागला पाहिजे जेव्हा रॉड खाली यायला लागेल, आणि त्याचा हात लागला तो रेप मोजायचा नाही. ७-८ निघाले तर विषय संपला, पेट्रोलच होतं. ६ च निघाले तर दोनपैकी एक, एकतर तू थोडी ताकद खरंच गमावलीस किंवा ते ८ कधी स्वच्छ नव्हतेच, आणि कुठलं ते आता कोणी सांगू शकत नाही, म्हणून ८०×६ हाच तुझा पाया धर आणि तिथून मोज. मग कट परत चालू, पण आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास, रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढायची, एका दिवसाचा आकडा नाही.

बेंच, पुलअप, रोइंग आणि लेग प्रेस, चारच व्यायामांचे जड सेट वहीच्या शेवटच्या पानावर वेगळे उतरवत जा, दर आठवड्याला एक ओळ, म्हणजे खाली-वर बघता येतं, नाहीतर दर वेळी पानं उलटत बसशील. तीन आठवड्यांनी त्या पानाचा फोटो पाठव. आणि त्याआधी घरातला वजनकाटा पिशवीत घालून जिमला ने, तो तुझा नेहमीचा रॉड हातात धरून काट्यावर उभा राहा आणि मग रॉड ठेवून परत उभा राहा, बघ तरी ते ८० किलो ८० च आहेत का.